‘होडी, मे 1993’ : एका टेपच्या दुरुस्तीच्या नोंदी

8 जून 2025

आजीच्या कपाटातल्या चारही व्हीएचएस टेप आज घेऊन आलो. तीन ठीक आहेत. चौथीची खिडकी आतून धुरकट दिसते. उजेडात तिरपी धरली तर गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसतात. ही बुरशी. लेबलवर आजोबांच्या अक्षरात ‘होडी, मे 1993’ एवढंच लिहिलंय.

बाबांनी सांगितलं ते असं: कॅमेरा आजोबांनी ओळखीच्या कुणाकडून दोन दिवसांसाठी आणला होता, आणि टेपमध्ये आठ वर्षांचे बाबा टेबलाशी बसून कागदाची होडी करताहेत. आजोबा 1996 साली गेले, माझ्या जन्माच्या आधी. त्यांचे फोटो आहेत, पण आवाज कुठेच नाही. कसे बोलायचे असं विचारलं की बाबांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘‘कमीच बोलायचे.’’

बुरशीची टेप थेट मशीनमध्ये घालायची नाही. बीजाणू हेडवर आणि गाइडवर बसतात आणि पुढच्या प्रत्येक टेपला लागतात. शिवाय वेढे एकमेकांना चिकटलेले असले तर मशीनच्या ओढीने टेप तुटते. सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत बंद डब्यात ठेवली आहे. आठवडाभर हात लावणार नाही.

15 जून

ठिपके कोरडे झाले. गेल्या आठवड्यात ओलसर, चिकट वाटत होते ते आज पावडरीसारखे सुटताहेत. मास्क आणि हातमोजे घालून गॅलरीत बसलो. खालचे पाच स्क्रू काढले आणि कव्हर उचलण्याआधी आतली मांडणी फोटोत टिपून ठेवली. आतल्या बारीक स्प्रिंग उडून गेल्या की त्या नेमक्या कुठे होत्या ते कधीच आठवत नाही.

स्पूल दुसऱ्या, स्वच्छ खोक्यात बसवले. मग हाताने, अगदी सावकाश, पूर्ण टेप न सुटणाऱ्या धाग्यांच्या कोरड्या कापडातून ओढत या स्पूलवरून त्या स्पूलवर नेली. दोन तास लागले. कापडावर करड्या रेघा उमटत होत्या. तपकिरी रेघ दिसली असती तर तिथेच थांबायचं ठरवलं होतं, कारण मग बुरशीबरोबर टेपचा चुंबकी थरच सुटतोय असा अर्थ होतो. तसं झालं नाही.

साधारण मध्यावर एक हातभर टेपची वरची कड चुरगळलेली सापडली. जुन्या मशीनने कधीतरी खाल्ली असावी. बोटांनी सपाट केली, पण वळ्या राहिल्याच.

18 जून

घरातल्या जुन्या मोनो मशीनवर पहिल्यांदा लावली. चित्र आलं! रंग फिकट आहेत, तळाशी थोडी थरथर आहे, पण सगळं दिसतं. टेबल, खिडकीतला उजेड आणि बाबा. कानांच्या मानाने चेहरा लहान. कागद दुमडताना जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर काढतात, ते अजूनही तसंच काढतात.

आवाज मात्र खोलीतला नाही. पहिल्या सेकंदापासून बासरी वाजते. कॅसेटवरची असावी, मागे कॅसेटची सळसळ येते. बाबा वर बघून काहीतरी विचारतात, ओठ हलतात, पण ऐकू येते ती बासरीच. चुरगळलेल्या भागात ती काही सेकंद खोल विहिरीत गेल्यासारखी वाटते आणि परत वर येते.

बासरी दोन ठिकाणी थांबते, बहुधा कॅसेटवरच्या दोन रचनांच्या मधली जागा. पहिल्या थांब्यात सहज आवाज वाढवला आणि हात तिथेच थांबला. सळसळीच्या खाली, खूप लांबून, कुणीतरी बोलतंय. पुरुषाचा आवाज. शब्द लागत नाहीत.

हेडफोन लावून तेवढाच भाग तीस-चाळीस वेळा ऐकला.

19 जून

हा आवाज तिथे कसा राहिला, याचा आज विचार केला.

व्हीएचएस टेप अर्धा इंच रुंद. मधल्या मोठ्या पट्ट्यात चित्र तिरप्या रेघांत लिहिलेलं असतं. खालच्या कडेला मशीनला वेग सांगणारा नियंत्रणाचा माग, आणि वरच्या कडेला एक मिलिमीटरचा आवाजाचा सरळ माग. जुन्या काही मशीनवर AUDIO DUB असं बटण असायचं. ते दाबलं की चित्राला धक्का न लावता फक्त हा एक मिलिमीटरचा माग पुसला जायचा आणि त्यावर नवा आवाज चढायचा. बासरी अशीच चढवली आहे. पण पुसणारं हेड केसभर जरी वरखाली असलं तर जुन्या आवाजाची एक बारीक चिंधी कडेला उरते. मी ऐकतोय ती ही चिंधी.

चुरगळलेल्या कडेपाशी बासरी का बुडते तेही यातून कळलं. माग त्याच कडेवर आहे.

21 जून

दोन दिवस त्या चिंधीमागे लागलो. बासरीच्या पट्ट्या फिल्टरने दाबल्या, सळसळीचा नमुना घेऊन ती वजा केली. फारसं हाती लागलं नाही. बासरी आणि माणसाचा आवाज एकाच पट्टीत येतात. एक दाबलं की दुसरं मरतं.

एक शब्द मात्र लागला : ‘कोपऱ्याला’. त्याच्या आधी तोच आवाज पुसट दोनदा येतो, को, को, आणि मग शब्द. टेपला पडणारा पडसाद असेल असं आधी वाटलं. गुंडाळून वर्षानुवर्षं ठेवलेल्या टेपमध्ये एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट छापला जातो, त्यामुळे शब्दाच्या आधीच त्याची सावली ऐकू येते. पण हिशेब करून पाहिला. त्या जागी गुंडाळीची त्रिज्या साधारण 3 सेंटिमीटर, म्हणजे एक वेढा जवळपास 19 सेंटिमीटरचा. आपल्याकडच्या पॅल पद्धतीची टेप सेकंदाला 2.34 सेंटिमीटर सरकते. म्हणजे सावली पडलीच तर आठ सेकंद आधी पडेल. इथे अंतर पाव सेकंदाचंही नाही.

मग हे काय आहे ते कळत नाही. नोंद करून पुढे जातो.

22 जून

एक गोष्ट आधीच सुचायला हवी होती. कॅमेरा जर हाय-फाय असेल, तर आवाज दोनदा लिहिला गेला असेल! हाय-फायचा आवाज वरच्या कडेवर नसतो. फिरत्या ड्रमवरची वेगळी हेड तो चित्राच्याच पट्ट्यात, टेपच्या थरात खोलवर लिहितात आणि चित्र त्याच्यावर उथळ लिहिलं जातं. AUDIO DUB त्याला हात लावू शकत नाही. त्याला पुसायचं तर चित्रही पुसावं लागेल.

मोनो मशीनला ती हेड नसतात. त्यामुळे या घरात ही टेप कितीही वेळा लावली तरी बासरीच ऐकू आली असती. हाय-फाय मशीनसाठी एका मित्राला फोन केला.

25 जून

मशीन आलं. आधी एक नको असलेली टेप लावून ते टेप चावत नाही याची खात्री केली. मग होडी. आवाजाचा पर्याय HIFI वर ठेवला.

बासरी नाही. खोली आहे. कुठेतरी भांड्याचा आवाज, खुर्ची सरकली, भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतंय. बाबा आठ वर्षांच्या आवाजात विचारतात, ‘‘आता?’’ आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, म्हणजे कॅमेरा धरलेला माणूस म्हणतो, ‘‘घडी न-नखानं मोड.’’

हे वाक्य मला पाठ आहे. मी पाच-सहा वर्षांचा असताना बाबांनी मला होडी शिकवली ती याच शब्दांत. हाताने दाब नाही, घडी घाल नाही. घडी नखानं मोड.

मी टेप थांबवली आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

मग कामाला लागलो, कारण आवाज टिकत नव्हता. तीन-चार सेकंद आजोबा, मग घर्रर्र, आणि एकदम बासरी, परत आजोबा. हाय-फायचा संकेत कमजोर झाला की हे मशीन आपोआप सरळ मागावर उडी मारतं. ट्रॅकिंग हाताने सरकवत गेलो. गंमत अशी की चित्र जिथे सर्वात स्वच्छ दिसतं तिथे आवाज घर्रतो, आणि आवाज जिथे स्थिर होतो तिथे चित्राच्या तळाशी हिमाचा पट्टा येतो. दोन्ही एकत्र मिळणार नाहीत. म्हणून दोन फेऱ्या : एक चित्रासाठी, एक आवाजासाठी.

चुरगळलेल्या भागात बासरी बुडते, पण आजोबांचा आवाज जवळपास जसाच्या तसा आहे.

28 जून

दोन्ही फेऱ्या संगणकावर घेतल्या. आवाजाच्या फेरीतून आवाज वेगळा काढला :

```
ffmpeg -i pheri2.avi -vn -c:a pcm_s16le hifi.wav
```

एकूण अकरा मिनिटं. घर्रर्र उरली होती ती 50 हर्ट्झची आणि तिच्या पटींची. पॅलमध्ये दोन हेड सेकंदाला 50 वेळा आळीपाळीने बदलतात, तो जोड नीट जुळला नाही की ती ऐकू येते. अरुंद फिल्टरने बरीच गेली.

दुसरा दोष जास्त त्रासाचा. आजोबांच्या बोलण्यात जागोजागी अक्षरं दोनदा, तीनदा येतात. को-को-कोपऱ्याला. न-नखानं. एकदा ‘दुमड’च्या आधी द, द, द, आणि मग जवळजवळ दोन सेकंद काहीच नाही. स्वस्त कॅप्चर यंत्रं हा घोळ घालतात. संगणक मागे पडला की आवाजाचा एखादा तुकडा पुन्हा लिहिला जातो किंवा गळतो. मशीन बदललं तसं कॅप्चर यंत्रही नवीन जोडलं होतं, म्हणून खापर त्याच्यावर फोडलं.

असे 23 तुकडे सापडले. एकेक कापला. कापून जेवढी लांबी कमी झाली तेवढी भरायला पुढच्या शांत जागेतला खोलीचा आवाज जोडला, म्हणजे चित्राशी मेळ सुटणार नाही. रात्री दोनपर्यंत बसलो. शेवटी सलग ऐकलं. शांत, स्वच्छ बोलणारा माणूस. कोपऱ्याला कोपरा लाव. घडी नखानं मोड. घाई नाही. फार आनंद झाला.

29 जून

आज ताज्या कानांनी ऐकलं आणि घड्याळ लंगडताना सापडलं.

आजोबांचं बोलणं गुळगुळीत आहे, पण मागची टिकटिक नाही. टिक, टिक, टिकटिक, मग मोठी जागा, टिक. ती नेमकी मी कापलेल्या जागांवर अडखळते. ते साहजिकच होतं, कापताना टिकाही कापल्या गेल्या. पण मग मूळ, न कापलेली फाइल उघडली आणि ‘को-को-कोपऱ्याला’पाशी टिका मोजल्या. तिथे घड्याळ बरोबर चालतंय. एकही टिक जास्त नाही, एकही कमी नाही.

तुकडा यंत्राने पुन्हा लिहिला असता तर त्यातली टिकही पुन्हा आली असती. टेप घसरली असती तर घड्याळाचा सूर लांबला असता. खोलीतलं सगळं सरळ चालू राहतं आणि फक्त एका माणसाचं अक्षर पुन्हा येतं, असा दोष कुठल्याही यंत्रात नसतो.

खात्रीसाठी दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या यंत्राने पुन्हा कॅप्चर केलं. 23 पैकी 23 जागा तिथेच, तेवढ्याच.

मग चित्र लावून बघितलं, आणि इतके दिवस समोर असलेलं आज दिसलं. प्रत्येक वेळी अक्षर अडकतं तेव्हा बाबांचे हात थांबतात. कागदावर बोटं टेकवून ते कॅमेऱ्याकडे न बघता शांत बसतात. शब्द पूर्ण येतो, मग हात पुढे जातात. ‘दुमड’च्या आधीच्या दोन सेकंदांत त्यांनी घडी अर्धी धरून ठेवली आहे. मी स्वच्छ केलेल्या फाइलमध्ये शब्द आधीच येऊन गेलेला असतो आणि मुलगा मात्र विनाकारण थांबलेला दिसतो.

स्वच्छ केलेली फाइल बाजूला ठेवली. कापण्यासाठी वापरलेली यादीही ठेवली. 23 जागा, मिनिट आणि सेकंदासह.

5 जुलै

आजीकडे गेलो. लॅपटॉप आणि हेडफोन नेले होते, पण आधी नुसतं विचारलं, ‘‘आजी, आजोबा बोलताना अडखळायचे का गं?’’

ती म्हणाली, ‘‘तोतरे होते ना ते. तुला सांगितलं नाही कुणी?’’ जणू चष्मा होता असं सांगावं तशी.

बासरीचं विचारलं तेव्हा मात्र ती जरा थांबली. टेप आली त्या आठवड्यात पाहुणे होते, सगळ्यांना दाखवली. त्यातल्या एका मुलाने को-को-को करून दाखवलं आणि मोठी माणसं हसली. ‘‘हे काही बोलले नाहीत. रात्री जेवण झाल्यावर कॅसेट प्लेयरची वायर मशीनला जोडली आणि बसले. मी म्हटलं, राहू द्या हो, पोराचा आवाज पण जाईल. म्हणाले, प-पोरगा दिसतोय ना, पुरे.’’ अकरा मिनिटं बासरी वाजेपर्यंत ती शेजारी बसून होती.

‘‘त्यांना वाटलं, गेलं ते,’’ आजी म्हणाली. ‘‘मलाही तेच वाटत होतं.’’

त्यांनी जाणूनबुजून जे पुसलं ते मी उकरून काढलं आहे, हे मला तिथे बसल्यावर पहिल्यांदा लख्ख कळलं. तसं तिला म्हटलंही. म्हटलं, नको असेल तर तुला ऐकवत नाही, आणि फाइलही ठेवत नाही. ती काही न बोलता हेडफोन हातात घेऊन उलटसुलट बघत होती. मग म्हणाली, ‘‘हे कुठून घालायचं?’’

मूळ आवाज लावला, एकही जागा न कापलेला. मी स्क्रीनकडे न बघता तिच्याकडे बघत होतो. मला ऐकू येत नव्हतं, पण ते कुठे अडकले ते तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्या जागी ती श्वास रोखायची, मान किंचित पुढे, आणि ओठ घट्ट मिटलेले. शब्द सुटला की श्वास सोडायची. टेबलाशी बसलेल्या मुलासारखी.

नंतर तिने सांगितलं की लग्नानंतर त्यांनी तिच्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती : शब्द अडकला तर तो तू पुरा करू नकोस, मला येतो तो. ‘‘तुझ्या बाबाला मी तो बोलायला लागायच्या आधीच शिकवलं होतं. अप्पा बोलत असले की थांबायचं.’’

मी गुळगुळीत केलेली फाइल तिला ऐकवली नाही. ती घरी आल्यावर पुसली.

6 जुलै

आजीचा फोन. दोन गोष्टी म्हणाली. पहिली, आवाज ठेव. दुसरी, ‘‘पण त्यांनी घातलेली बासरी काढू नकोस. ती पण त्यांनीच घातली आहे.’’

9 जुलै

टेपवर आहेत तसेच दोन्ही माग फाइलमध्ये ठेवायचे ठरवलं. पहिला बासरीचा, तो आपोआप लागेल. दुसरा खोलीचा, तो ज्याला हवा त्याने निवडायचा.

अडचण जुळवणीची होती. बासरी एका फेरीत घेतलेली, हाय-फाय दुसऱ्या, आणि दोन्हींची सुरुवात वेगळी. बासरीच्या पट्टीवर खोलीतलं काहीच ऐकू येत नाही, मग जुळवायचं कशाशी? पण बासरी थांबते त्या दोन जागांत ती चिंधी आहे. अठरा तारखेला पहिल्यांदा ऐकलेला तो लांबचा आवाज. पहिल्या थांब्यातला ‘कोपऱ्याला’ हाय-फायच्या ‘कोपऱ्याला’वर बसवला, मग दुसरा थांबा तपासला. अकरा मिनिटांच्या आत दोन्हींत दोन फ्रेमचा फरक पडत होता, तेवढी बासरी ताणून घेतली.

```
ffmpeg -i chitra.mkv -i basari.wav -i hifi.wav \
 -map 0:v -map 1:a -map 2:a -c:v copy -c:a flac \
 -disposition:a:0 default -disposition:a:1 0 hodi_1993.mkv
```

50 हर्ट्झच्या घर्रर्रीचा फिल्टर तेवढा हाय-फायवर ठेवला आहे. बाकी कुठेही हात लावलेला नाही. न फिल्टरलेली मूळ कॅप्चर दोन वेगळ्या डिस्कवर आहेत. टेप मागे गुंडाळून, कोरड्या डब्यात, उभी ठेवली.

13 जुलै

बाबांना दाखवली. आधी बासरीसकट, सगळी. त्यांना तीच आठवत होती. ‘‘हो, हीच. यात बासरीच होती.’’

मग विचारलं, दुसरा आवाज लावू का. लावला.

‘‘आता?’’ असं स्क्रीनवरच्या मुलाने विचारलं तेव्हा ते हसले. पहिल्या ‘को-को’ला हसू थांबलं. पुढची दहा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. होडी झाली, मुलाने ती कॅमेऱ्यासमोर धरली, चित्र हललं, संपलं.

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. टेबलावरचा एक कोरा कागद ओढला, आणि म्हणाले, ‘‘परत लाव. सुरुवातीपासून.’’

मी लावली. ते आजोबांच्या सांगण्याबरोबर दुमडत गेले. ‘दुमड’पाशी आवाज अडकला, आणि घडी अर्धी धरून बाबा थांबले.